एका कळीने मेल हलवताना: शेवटचं फोल्डर, आवडती फोल्डरं आणि एका कार्यालयाचा अनुभव

पार्श्वभूमी

भाषांतराची कामं घेणारं पाच जणांचं छोटं कार्यालय. सगळ्यांसाठी एक सामाईक मेलखातं आणि हिशेबासाठी दुसरं. दोन्ही खाती IMAP वरची, म्हणजे एकाने मेल हलवला की तो सगळ्यांकडे हललेला दिसतो. मेल बघायला सगळे Thunderbird वापरतात. मी तिथे नोकरीला नाही, संगणकाची बारीकसारीक कामं बघायला अधूनमधून जातो. कोणाची ओळख पटू नये म्हणून फोल्डरांची नावं आणि कामाचे काही तपशील बदलले आहेत.

सकाळी आलेले मेल वाटून द्यायचं काम एका ताईंकडे होतं. मेल उघडायचा, कोणाचा आहे, नवं काम आहे की चालू कामातली दुरुस्ती हे ठरवायचं आणि योग्य त्या फोल्डरमध्ये टाकायचा. फोल्डरं साठाच्या वर होती. मोठ्या ग्राहकांची आपापली आणि त्याशिवाय ‘चौकशी’, ‘दरपत्रक पाठवायचं’, ‘दुरुस्त्या’, ‘तातडीचं’ अशी कामाच्या टप्प्यांची. बाकीचे चौघे Inbox कधीच उघडत नसत. प्रत्येक जण आपल्या दोन-चार फोल्डरांवर लक्ष ठेवून असे.

ही शेवटची गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. या कार्यालयात मेल फोल्डरमध्ये टाकणं म्हणजे नुसती आवराआवर नव्हती. मेल ज्या फोल्डरमध्ये गेला, ते काम त्या माणसाकडे गेलं. चुकीच्या फोल्डरमध्ये गेलेला मेल कोणाचाच राहत नसे.

अडचण

मला बोलावलं ते एक मोठं काम हुकल्यावर. ग्राहकाने दस्तऐवज पाठवला होता, मुदतीच्या दिवशी त्याचा फोन आला, आणि इकडे कोणाला काही पत्ताच नाही. सगळ्यांची समजूत झाली की मेल आलाच नाही. खरं तर तो आला होता. मी Edit > Find > Search Messages उघडून त्या पाठवणाऱ्याच्या नावाने सगळ्या खात्यात शोध घेतला आणि निकालात Location चा रकाना बघितला. मेल तीन वर्षांपूर्वी बंद झालेल्या एका ग्राहकाच्या फोल्डरमध्ये पडला होता. हव्या त्या फोल्डरच्या बरोबर खालच्या ओळीत.

तो तिथे कसा गेला हे कळायला मी ताईंच्या शेजारी बसून अर्धा तास त्यांचं काम नुसतं बघितलं. त्या प्रत्येक मेल माउसने उचलून डावीकडच्या यादीत नेऊन सोडत होत्या. यादी पडद्यापेक्षा लांब, म्हणून मेल धरूनच ती खाली सरकवावी लागे. खाली जाताना बाणाचं टोक एखाद्या पोटफोल्डर असलेल्या ओळीवर क्षणभर थांबलं की Thunderbird ते फोल्डर आपोआप उलगडतो. तुम्हाला आत टाकायचं असेल म्हणून तो मदत करत असतो. पण फोल्डर उलगडलं की त्याखालच्या सगळ्या ओळी तीन-चार घरं खाली सरकतात. ताईंचं बोट तेवढ्यात सुटलेलं असे. नेम बरोबर होता, निशाणच जागेवरून हललं होतं.

त्या अर्ध्या तासात माझ्यासमोर असं दोनदा झालं. एकदा त्यांना कळलं, एकदा कळलं नाही. मेल Inbox मधून गेला, म्हणजे काम झालं असंच डोळ्याला वाटतं. कुठे गेला हे पडद्यावर कुठेही ठळकपणे येत नाही.

चूक ताईंची नव्हती हे मी तिथेच सगळ्यांसमोर सांगितलं, कारण त्या फार खजील झाल्या होत्या. दिवसाला शंभराच्या आसपास मेल साठ ओळींच्या हलत्या यादीत नेम धरून टाकायला लावले, तर कोणाच्याही हातून हेच होणार.

कोणते पर्याय तपासले

पहिला विचार प्रत्येकाच्या मनात येतो तो फिल्टरचा. पाठवणाऱ्याचा पत्ता बघून मेल आपोआप त्या ग्राहकाच्या फोल्डरमध्ये जावा. आम्ही आठवडाभराचे मेल समोर घेऊन हा विचार कसाला लावला. पत्त्यावरून ग्राहक कळत होता, पण ‘नवं काम’ की ‘दुरुस्त्या’ हे वाचल्याशिवाय कळत नव्हतं. एकच बाई एका दिवशी नवा दस्तऐवज पाठवत आणि दुसऱ्या दिवशी त्याच मेलला उत्तर म्हणून जुन्या कामातल्या चुका. विषयाची ओळ तीच. निर्णय माणसालाच घ्यावा लागणार होता. म्हणून फिल्टर फक्त जाहिराती आणि बँकेच्या सूचना यांच्यापुरते ठेवले.

दुसरा पर्याय फोल्डरं सोडून टॅग वापरण्याचा. तांत्रिकदृष्ट्या मला तो आवडला असता. पण पाच जणांची सवय फोल्डरांची, आणि त्यातले दोघे फोनवरून मेल बघत. त्यांच्या फोनवरच्या ॲपमध्ये हे टॅग दिसत नव्हते. तिथेच तो विषय मिटला.

तिसरा पर्याय एखादं जोडसाधन बसवण्याचा. फोल्डरच्या नावाची दोन अक्षरं टाइप करायची आणि एंटर दाबून मेल हलवायचा, अशी साधनं Thunderbird साठी मिळतात आणि चांगली असतात. मी स्वतः वापरतो. मात्र Thunderbird ची मोठी आवृत्ती आली की जोडसाधन तिच्याशी जुळवून घेईपर्यंत बंद पडू शकतं. रोज सकाळी ज्याच्यावर पाच जणांचं काम अवलंबून आहे, ते आधी मूळ प्रोग्राममधल्याच सोयींवर उभं राहतं का ते बघू, असं ठरलं.

मूळ सोयी दोन. एक म्हणजे `Ctrl+Shift+M`. तुम्ही शेवटचा मेल ज्या फोल्डरमध्ये हलवला, त्याच फोल्डरमध्ये आत्ता निवडलेला मेल हलवण्याचा शॉर्टकट. मॅकवर Ctrl च्या जागी Cmd. दुसरी म्हणजे आवडत्या फोल्डरांची यादी. फोल्डरवर राइट-क्लिक करून Favorite Folder वर खूण केली की ते फोल्डर मेलवर राइट-क्लिक केल्यावर येणाऱ्या Move To > Favorites या छोट्या यादीत दिसू लागतं. साठ ओळींतून शोधायच्या ऐवजी आठ-दहा ओळी.

या दोन्ही सोयी एकमेकींना पूरक आहेत. फोल्डर बदलायचं असेल तेव्हा यादी, त्याच फोल्डरमध्ये पुढचे मेल टाकायचे असतील तेव्हा शॉर्टकट. कागदावर हे इतकं स्वच्छ दिसत होतं की मी एका दुपारीच सगळं लावून दिलं. इथे मी घाई केली, त्याचं पुढे येतंच.

काय केलं

आधी आवडती फोल्डरं निवडली. ताईंना विचारलं, “रोज कुठली लागतात?” त्यांनी तेवीस सांगितली. मी तेवीसही खुणावली. दोन दिवसांत लक्षात आलं की यादी पुन्हा लांब झाली आणि डोळे पुन्हा शोधू लागले. मग अंदाज सोडून मोजणी केली. कागदावर दोन दिवस प्रत्येक मेल कुठे गेला त्याची रेघ मारायला सांगितली. बहुतेक मेल आठ फोल्डरांत जात होते. उरलेली पंधरा ‘रोज लागतात’ असं वाटत होतं, पण दोन दिवसांत त्यांत एखाद-दुसराच मेल गेला होता. आठ ठेवली, बाकीच्यांवरची खूण काढली. बाकीच्यांसाठी Move To मधून पूर्ण वाटेने जायचं, थोडा वेळ लागला तरी.

त्याच Move To मध्ये Recent अशीही एक यादी आहे, अलीकडे वापरलेल्या फोल्डरांची. ताई आधी तीच वापरू बघत होत्या आणि चुकत होत्या. त्यांची अपेक्षा अशी की शेवटचं फोल्डर सगळ्यात वर असेल. पण ती यादी वर्णक्रमाने लागते, वापराच्या क्रमाने नाही. शिवाय नवं फोल्डर तिच्यात शिरलं की बाकीच्या ओळी जागा बदलतात. Favorites ची यादी मात्र तुम्ही बदलेपर्यंत तशीच राहते. चार दिवसांनी हाताला कळू लागतं की ‘दुरुस्त्या’ वरून पाचवं. Recent मध्ये हाताला असं कधीच कळणार नाही. म्हणून Recent वापरायचीच नाही असं ठरवलं.

‘चौकशी’ नावाचं फोल्डर दोन्ही खात्यांत होतं आणि दोन्ही आवडत्यांत आली होती. अशा वेळी Thunderbird नावापुढे खात्याचं नाव जोडून दाखवतो. तरी घाईत डोळा पहिल्या शब्दावरच थांबतो. हिशेबाच्या खात्यातल्या फोल्डरचं नाव बदलून ‘बिलांची चौकशी’ केलं आणि हा प्रश्न कायमचा मिटला.

मग कामाची पद्धत. एकेक मेल आला तसा टाकण्याऐवजी एका फोल्डरचे सगळे मेल एका दमात. Inbox मध्ये पाठवणाऱ्यानुसार क्रम लावायचा किंवा `Ctrl+Shift+K` ने वरची गाळणी उघडून ग्राहकाचं नाव टाकायचं. समोर त्याच ग्राहकाचे मेल राहतात. पहिला मेल Favorites मधून हलवायचा, पुढचे वाचत वाचत `Ctrl+Shift+M` ने. मेल हलला की पुढचा मेल आपोआप निवडला जातो, त्यामुळे वाचा, कळ दाबा, वाचा, कळ दाबा असा एक ठेका बसतो. ताईंना तो दुसऱ्याच दिवशी बसला. सकाळचं काम संपायला आधी साडेअकरा होत, आता ते दहाच्या सुमारास संपू लागलं.

दुसऱ्या आठवड्यातली चूक

दुसऱ्या आठवड्यात मंगळवारी फोन आला. ताईंनी सांगितलं, “मेल हलतच नाहीयेत रे. कळ दाबते, काही होत नाही. आणि हिशेबवाले म्हणतात त्यांच्याकडे आमच्याच मेलचा पूर आलाय.”

दोन्ही वाक्यं एकाच गोष्टीची होती, पण मला ती जाऊन बघितल्यावरच कळली. ताई `Ctrl+Shift+M` दाबत होत्या, मेल Inbox मध्येच राहत होता, म्हणून पुन्हा दाबत होत्या. काही मेलवर तीन-तीनदा. आणि हिशेबाच्या एका फोल्डरमध्ये त्याच मेलच्या तीन-तीन प्रती जमल्या होत्या.

मी Message चा मेनू उघडला. तिथे जी ओळ एरवी `Move to "…" Again` अशी असते, ती `Copy to "…" Again` अशी झाली होती आणि मधल्या नावात हिशेबाचं फोल्डर होतं. मग Settings मधलं Config Editor उघडून दोन नोंदी बघितल्या:

```
mail.last_msg_movecopy_target_uri
mail.last_msg_movecopy_was_move    false
```

पहिलीत शेवटच्या फोल्डरचा पत्ता होता, हिशेबाच्या फोल्डरचा. दुसरीत `false`, म्हणजे शेवटची कृती हलवण्याची नव्हती, प्रत काढण्याची होती. शॉर्टकट या दोनच गोष्टी वाचतो. कळीचं नाव डोक्यात ‘हलवा’ असं बसलेलं असलं, तरी ती खरं म्हणजे ‘मघाशी जे केलं तेच पुन्हा कर’ अशी कळ आहे. मघाशी प्रत काढली असेल तर ती प्रतच काढणार.

आता मघाशी म्हणजे कधी? सोमवारी संध्याकाळी जाताना ताईंनी एका मेलची प्रत Copy To वापरून हिशेबाच्या फोल्डरमध्ये ठेवली होती. त्या दिवशीचं ते शेवटचं काम. या दोन नोंदी प्रोग्राम बंद केला तरी पुसल्या जात नाहीत, इतर सेटिंग्जसारख्या त्या साठवलेल्या असतात. मंगळवारी सकाळी संगणक सुरू करून त्यांनी सवयीने पहिलीच कळ `Ctrl+Shift+M` दाबली आणि प्रोग्रामच्या दृष्टीने सोमवारची संध्याकाळ पुढे सुरू झाली.

हे मला पहिल्या दिवशी सांगता आलं असतं. मी शॉर्टकट काय करतो ते दाखवलं, तो कशावरून ठरवतो ते दाखवलं नाही.

मंगळवारची चूक तशी सौम्य होती, कारण मेल हरवले नाहीत, वाढले. त्याच्या उलट चूक जास्त धोक्याची, आणि तीही त्याच आठवड्यात एकदा झाल्याचं शोधल्यावर सापडलं. ताई एका ग्राहकाचे मेल ‘दुरुस्त्या’ मध्ये टाकत होत्या. मध्येच एक मेल वेगळा निघाला, तो त्यांनी जुन्या सवयीने माउसने ओढून ‘तातडीचं’ मध्ये टाकला आणि पुन्हा कळीवर आल्या. माउसने ओढून टाकणंही ‘शेवटची कृती’ म्हणून नोंदलं जातं. त्यामुळे पुढचे सहा मेल ‘तातडीचं’ मध्ये गेले. त्या फोल्डरवर ज्यांचं लक्ष होतं त्यांनी दुपारी विचारलं म्हणून कळलं. ते फोल्डर कोणी बघत नसतं, तर आधीच्या हुकलेल्या कामाचीच पुनरावृत्ती झाली असती.

त्यानंतर घेतलेले निर्णय

तिथे थांबून आम्ही एकदा प्रामाणिकपणे विचार केला की शॉर्टकट ठेवायचा का. कार्यालयाच्या प्रमुखांचं म्हणणं होतं, काढून टाका, Favorites ची यादी पुरेशी आहे. त्यांच्या म्हणण्यात तथ्य होतं. यादीतून हलवताना फोल्डरचं नाव दर वेळी डोळ्यासमोर येतं, शॉर्टकटमध्ये ते कधीच येत नाही. माझं म्हणणं असं की एका दमात पंधरा मेल एकाच ठिकाणी टाकायचे असतील, तर पंधरा वेळा मेनू उघडण्यातही चुका होतात. मेनूतली वरची किंवा खालची ओळ दाबली जाते, आणि कंटाळलेला हात पुन्हा माउसने ओढायला लागतो. शेवटी ताईंनाच विचारलं. त्या म्हणाल्या, “कळ राहू दे. पण ती कुठे टाकणार आहे हे मला आधी दिसलं पाहिजे.”

त्यांच्या या वाक्यावरून नियम ठरले. प्रत्येक दमाचा पहिला मेल Favorites मधूनच हलवायचा, म्हणजे शेवटचं फोल्डर आपण आत्ता, जाणूनबुजून ठरवलेलं असतं. सकाळची पहिली कृती कधीही `Ctrl+Shift+M` नसेल. जेवून आल्यावर किंवा फोन घेऊन परतल्यावरही तेच. दमाच्या मध्ये वेगळा मेल निघाला तर तो हलवायचाच नाही, त्यावर तारा लावून ठेवायचा आणि दम संपल्यावर तारे लावलेले मेल एकेक करून Favorites मधून टाकायचे. आणि मनात जरा जरी शंका आली तरी Message मेनू उघडून त्या ओळीत नाव कोणाचं आहे आणि शब्द Move आहे की Copy, हे वाचायचं. दोन सेकंदांचं काम आहे.

तारा लावण्याची युक्ती ताईंची. मी आधी सुचवलं होतं की वेगळा मेल टाकल्यावर परत येताना पुढचा मेल पुन्हा यादीतून हलवा. त्यांनी सांगितलं की ते लक्षात राहणार नाही, कारण चुकायची वेळ नेमकी तीच असते. त्यांचं बरोबर होतं. तारा लावल्याने काहीच हलत नाही, त्यामुळे शॉर्टकटच्या स्मृतीला धक्का लागत नाही.

मागे फिरण्याची वाटही दाखवून ठेवली. `Ctrl+Z` ने शेवटचं हलवणं परत घेता येतं आणि पुन्हा पुन्हा दाबून एकेक पाऊल मागे जाता येतं. पण ही स्मृती प्रोग्राम चालू असेपर्यंतच. शॉर्टकटची नोंद मात्र बंद केल्यावरही राहते. म्हणजे दुसऱ्या दिवशी चूक तशीच पुढे चालू राहू शकते आणि ती परत घेण्याची सोय मात्र गेलेली असते. ही विषमता ताईंना सांगितल्यावर त्यांनी स्वतःहून ठरवलं की संध्याकाळी प्रोग्राम बंद करण्याआधी आठही फोल्डरांवर एक नजर टाकायची.

आणखी एक गोष्ट नंतर सापडली. संभाषणं धागा करून दाखवली असतील आणि धागा मिटलेला असेल, तर वरच्या एका ओळीवर कळ दाबल्यावर धाग्यातले सगळे मेल हलतात. मधला एखादा न वाचलेला मेलही त्यात जातो. ताईंच्या कामात हे नको होतं, म्हणून Inbox मध्ये धागे बंद करून साधी यादी ठेवली.

काय निष्पन्न झालं

मी हे लिहीपर्यंत या पद्धतीला चार महिने झाले आहेत. पहिल्या महिन्यात दर शुक्रवारी मी त्या आठवड्याचे मेल शोधून चुकीच्या जागी गेलेले मोजत होतो. पहिल्या शुक्रवारी सात सापडले, चौथ्या शुक्रवारी एक. तोही शॉर्टकटमुळे नव्हता, ‘नवं काम’ म्हणावं की ‘दुरुस्त्या’ अशा खऱ्याखुऱ्या संभ्रमातून गेला होता. काम हुकल्याची घटना त्यानंतर झालेली नाही. हे मोजमाप एका माणसाच्या एका कामाचं आहे, त्याला त्याहून जास्त वजन देऊ नये.

माउसने ओढणं पूर्ण थांबलेलं नाही, आणि थांबावं असा हट्टही धरला नाही. त्याऐवजी डाव्या बाजूच्या फोल्डरपट्टीत Favorite Folders हा प्रकार सुरू करून तो वर आणला. आता ओढलं तरी ते वरच्या आठ ओळींवरच पडतं. यादी सरकवावी लागत नाही, आणि त्या आठांत पोटफोल्डर असलेलं एकही नसल्याने उलगडून ओळी हलण्याचा प्रश्नच उरत नाही. खरं सांगायचं तर मूळ अपघाताचं कारण नाहीसं झालं ते या एका बदलाने.

एक उणीव मात्र राहिली. आवडत्या फोल्डरांची खूण त्या संगणकावरच्या प्रोफाइलमध्ये राहते, मेलच्या सर्व्हरवर जात नाही. ताई रजेवर गेल्या तेव्हा त्यांच्या जागी बसलेल्या मुलाच्या संगणकावर ही यादी रिकामी होती आणि त्याने दोन दिवस सगळं पूर्वीसारखं ओढूनच केलं. आता आठ नावांचा कागद ताईंच्या टेबलावर चिकटवलेला आहे आणि बदली बसणाऱ्याने आधी तेवढ्या खुणा करून घ्यायच्या असं ठरलंय. खुणा आपोआप दुसरीकडे नेण्याचा सोपा मार्ग मला सापडला नाही.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी, मी क्रम उलटा धरायला हवा होता. फोल्डरांची संख्या आणि नावं आधी, सोयी नंतर. साठ फोल्डरांतली जवळजवळ वीस वर्षानुवर्षं बंद पडलेली होती. ती एका ‘जुनं’ फोल्डरखाली पहिल्याच दिवशी हलवली असती, तर पहिला मेल ज्या मेलेल्या फोल्डरमध्ये जाऊन पडला ते फोल्डर त्या यादीत उरलंच नसतं. हे काम आम्ही शेवटी केलं, तेही एका दुपारी वेळ होता म्हणून.

दुसरं, आवडती फोल्डरं विचारून न ठरवता मोजून ठरवायची. माणसाला विचारलं की तो महत्त्वाची फोल्डरं सांगतो. आपल्याला हवी असतात वारंवार लागणारी. ‘तातडीचं’ ताईंच्या यादीत पहिलं होतं. मोजणीत ते शेवटून तिसरं आलं.

तिसरं, शॉर्टकट शिकवताना मी चूक मुद्दाम करून दाखवायला हवी होती. एक मेल Copy To ने टाकायचा, मग कळ दाबायला सांगायचं आणि मेल का हलत नाही ते विचारायचं. मंगळवारच्या फोनऐवजी हे पाच मिनिटांत झालं असतं. परवा त्या बदली बसणाऱ्या मुलाला शिकवलं ते याच पद्धतीने. ताईंनीच शिकवलं, मी बाजूला उभा होतो. त्याने कळ दोनदा दाबली, Inbox कडे बघितलं आणि तिसऱ्यांदा दाबण्याआधी हात मागे घेऊन Message मेनू उघडला.